अठ्ठेचाळीसच्या खाली

गेमिंग मॉनिटरच्या खोक्यावर एक आकडा ठळक छापलेला असतो: ७५, १४४ किंवा १६५ हर्ट्झ. मॉनिटर सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा चित्र नव्याने रेखाटू शकतो, हे त्यातून कळतं. याच्या जोडीचा दुसरा आकडा मात्र दुकानदार सांगत नाही आणि गिऱ्हाईकही विचारत नाही. चित्राची गती गेमप्रमाणे बदलू देणारा मॉनिटर खाली कुठवर उतरू शकतो, हे सांगणारा तो आकडा. माहितीच्या तक्त्यात कुठेतरी ‘४८ ते ७५’ किंवा ‘४८ ते १४४’ असं लिहिलेलं असतं. त्यातला ४८ दोन्हीकडे सारखाच आहे. तरीही गेम सेकंदाला ४० फ्रेमवर घसरला की एक मॉनिटर शांत राहतो आणि दुसऱ्यावर चित्र अडखळू लागतं. हे का होतं ते समजायला आधी मॉनिटर वाट कशी पाहतो ते बघावं लागेल.

साधा मॉनिटर एसटीसारखा असतो. प्रवासी आलेला असो वा नसो, गाडी वेळापत्रकाप्रमाणे सुटणार. ६० हर्ट्झच्या मॉनिटरवर दर १६.७ मिलिसेकंदांनी पडदा नव्याने रेखाटला जातो. ग्राफिक्स कार्डाची फ्रेम थोडी उशिरा तयार झाली तर जुनीच फ्रेम पुन्हा दिसते आणि हालचालीत धक्का बसतो. फ्रेमला थांबायला न लावता मध्येच पाठवलं, तर पडद्याचा वरचा भाग जुन्या फ्रेमचा आणि खालचा नव्या फ्रेमचा असा फाटका दिसतो. बदलत्या रिफ्रेश रेटचा मॉनिटर म्हणजे वडाप. प्रवासी आला की जीप निघते. फ्रेम १५ मिलिसेकंदांत आली तर १५ला, १९ मिलिसेकंदांत आली तर १९ला. एनव्हिडियाने २०१३ मध्ये ‘जी-सिंक’ या नावाने ही सोय जाहीर केली. पुढच्या वर्षी एएमडीने ‘फ्रीसिंक’ दाखवलं आणि व्हेसा या मानक ठरवणाऱ्या संस्थेने ‘अ‍ॅडॅप्टिव्ह-सिंक’ म्हणून ती डिस्प्लेपोर्टमध्ये आणली.

पण वडापवालाही अनंतकाळ थांबत नाही. एलसीडी पडद्याच्या प्रत्येक ठिपक्यात विजेचा एक छोटा भार साठवलेला असतो आणि तो हळूहळू गळतो. फार वेळ नवा भार दिला नाही तर ठिपक्याची उजळी सरकते आणि पडदा लुकलुकल्यासारखा वाटतो. म्हणून पॅनेल बनवणारे एक मर्यादा ठरवतात. ४८ हर्ट्झ ही खालची हद्द म्हणजे प्रत्यक्षात एवढंच: एकदा चित्र रेखाटायला घेतलं की पुढची सुरुवात २०.८ मिलिसेकंदांच्या आत झालीच पाहिजे. नवी फ्रेम आलेली नसेल तर जुनीच पुन्हा रेखाटायची. जीपला रिकामी फेरी मारावी लागते.

खरी अडचण या रिकाम्या फेरीत आहे, कारण फेरीलाही वेळ लागतो. चित्र वरून खाली ओळीओळीने रेखाटलं जातं. ते एकदा सुरू झालं की संपेपर्यंत नवी फ्रेम घेता येत नाही. घेतली तर तेच फाटकं चित्र. या फेरीचा वेळ मॉनिटरच्या कमाल गतीवरून ठरतो. १४४ हर्ट्झच्या मॉनिटरला एक पूर्ण चित्र रेखाटायला साधारण ६.९ मिलिसेकंद लागतात, तर ७५ हर्ट्झच्या मॉनिटरला १३.३.

आता ४० फ्रेमचा गेम घेऊ. त्याची नवी फ्रेम दर २५ मिलिसेकंदांनी येते. आधी ४८ ते १४४ चा मॉनिटर बघू. पहिली फ्रेम शून्याला निघाली. मॉनिटर मुकाट्याने शेवटच्या क्षणापर्यंत थांबला आणि २०.८ ला नाइलाजाने जुनी फ्रेम पुन्हा रेखाटू लागला, तर ते काम २७.७ ला संपेल. नवी फ्रेम मात्र २५ लाच दारात उभी होती. तिला जवळपास तीन मिलिसेकंद ताटकळावं लागलं. आकडा लहान दिसतो, पण कधी तीन, कधी शून्य, कधी एक असा चढउतार झाला की कॅमेरा फिरवताना डोळ्याला तो कळतो.

यावरचा तोडगा म्हणजे ‘लो फ्रेमरेट कॉम्पेन्सेशन’, थोडक्यात एलएफसी. शेवटच्या क्षणाची वाट पाहायची नाही, एवढंच त्यातलं मर्म. आधीच्या फ्रेम २५ मिलिसेकंदांच्या अंतराने आल्या, म्हणजे पुढचीही तशीच येईल, असा अंदाज ड्रायव्हर बांधतो आणि रिकामी फेरी बरोबर मध्यावर, १२.५ ला मारून घेतो. ती १९.४ ला संपते. २५ ला नवी फ्रेम येते तेव्हा जीप स्टँडवर मोकळी उभी असते. मॉनिटरच्या दृष्टीने तो ८० हर्ट्झवर चाललेला असतो, आपल्या दृष्टीने प्रत्येक फ्रेम नेमकी २५ मिलिसेकंद दिसते. गेम आणखी घसरून १८ फ्रेमवर आला तर प्रत्येक फ्रेम तीनदा दाखवून ५४ हर्ट्झ साधता येतात. कितीने गुणायचं ते ड्रायव्हर ठरवतो. गुणाकार रेंजच्या आत पडला की झालं.

हेच ४८ ते ७५ च्या मॉनिटरवर करून पाहा. ४० ची दुप्पट ८०, आणि मॉनिटर तर ७५ लाच थांबतो. दोन फेऱ्यांना २६.७ मिलिसेकंद लागतात आणि हातात आहेत २५. हिशेब बसतच नाही. गेम ३७.५ च्या खाली गेला तर दुप्पट पुन्हा ७५ च्या आत येते, पण साडेसदतीस ते अठ्ठेचाळीस हा पट्टा दोन्हीकडून सुटतो. दुर्दैव असं की स्वस्त मॉनिटरसोबत बहुधा मध्यम ताकदीचं ग्राफिक्स कार्ड असतं, आणि जड गेममध्ये ते नेमकं याच पट्ट्यात घुटमळतं. जिथे या सोयीची गरज सर्वांत जास्त, तिथेच ती हात वर करते.

या पट्ट्यात काय दिसतं ते व्ही-सिंक चालू आहे की बंद यावर ठरतं. बंद असेल तर चित्र फाटतं. चालू असेल आणि मॉनिटर स्थिर ७५ वर गेला असं धरलं, तर ४० फ्रेमच्या गेममध्ये ओळीने सात फ्रेम प्रत्येकी २६.७ मिलिसेकंद दिसतात आणि आठवी फक्त १३.३. सेकंदाला पाच वेळा हा हिसका बसतो. म्हणूनच सरासरी फ्रेमरेटचा आकडा फारसा पडलेला नसतानाही खेळणारा म्हणतो, ‘अचानक गेम अडकायला लागला.’ ४९ आणि ४७ मध्ये आकड्याने फरक दोनचाच. डोळ्याला मात्र पायरी चुकल्यासारखं होतं.

कमाल गती किमानच्या किमान दुप्पट हवी हे यातून आपोआप निघतं. एएमडीने २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये ‘क्रिमसन’ ड्रायव्हरबरोबर एलएफसी आणलं तेव्हा अट अडीचपटीची ठेवली होती. ते वरचं अर्ध माझ्या मते शहाणपणाचं होतं. बरोबर दुप्पट असलेल्या मॉनिटरवर हद्दीजवळ दोन फेऱ्यांच्या मध्ये श्वास घ्यायलाही जागा उरत नाही, आणि पुढची फ्रेम कधी येणार हा शेवटी अंदाजच असतो. जी-सिंकच्या मूळ पद्धतीत मॉनिटरमध्येच स्वतःच्या मेमरीसह एक मॉड्यूल बसवलेलं असे, आणि फ्रेम पुन्हा दाखवण्याचं काम तेच करत असे. ती सोय चोख होती, पण मॉनिटर महाग पडे. नंतर २०२० मध्ये एएमडीने ‘फ्रीसिंक प्रीमियम’ ही पातळी केली आणि तिच्यासाठी एलएफसी सक्तीचं केलं. नुसतं ‘फ्रीसिंक’ लिहिलेल्या मॉनिटरला तेव्हा ती सक्ती नव्हती. खोक्यावरच्या त्या एका जादा शब्दाला म्हणूनच किंमत आहे.

एलएफसी नवी फ्रेम बनवत नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवायला हवं. मॉनिटर ८० दाखवत असला तरी गेम ४० चाच असतो. माउस हलवल्यावर चित्र हलायला लागणारा उशीर ४० फ्रेमचाच, वेगवान हालचालीतला धूसरपणाही ४० चाच. आणि गेमने नवा भाग लोड करताना एखादी फ्रेम ८० मिलिसेकंद अडकवली, तर तो अडकाही दिसणारच. अंदाज बांधणाऱ्याला अशी अनपेक्षित दांडी आधी कळत नाही.

आणखी एक तक्रार एलएफसी असलेल्या मॉनिटरवरच ऐकू येते. गेम ४८ च्या आसपास वरखाली होत असेल तर मॉनिटर एका क्षणी ४९ वर, पुढच्या क्षणी ९४ वर अशा उड्या मारतो. एकच करडी छटा वेगवेगळ्या गतींना किंचित वेगळ्या उजळीने दिसते. व्हीए आणि ओलेड पॅनेलवर हे जास्त जाणवतं. परिणामी अंधाऱ्या दृश्यात किंवा लोडिंगच्या पडद्यावर चित्र थरथरल्यासारखं वाटतं. मॉनिटर खराब झाला म्हणून दुकानात परत नेण्याआधी फ्रेमरेटवर हद्दीच्या जरा वर किंवा बरीच खाली मर्यादा घालून पाहावी. थरथर थांबली तर कारण सापडलं.

एलएफसी खरोखर चालतंय का, हे ओळखायला फार उपकरणं लागत नाहीत. बऱ्याच गेमिंग मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत चालू रिफ्रेश रेट कोपऱ्यात दाखवायची सोय असते. तो आकडा आणि गेमचा फ्रेमरेट शेजारी शेजारी ठेवा. गेम ४० आणि मॉनिटर ८० च्या आसपास हलता असेल तर काम चोख चाललंय. गेम ४० आणि मॉनिटर ७५ वर खिळलेला असेल तर तुम्ही हद्दीबाहेर आहात. अशा वेळी सावल्या, प्रतिबिंबं किंवा रिझोल्यूशन कमी करून गेम ५० च्या वर ठेवणं हा सरळ उपाय. थोडे धाडसी लोक सीआरयू या छोट्या प्रोग्रॅमने विंडोजला मॉनिटरची वेगळी रेंज सांगतात. ४८ च्या जागी ३७ लिहिलं की ७५ ही त्याच्या दुपटीहून किंचित जास्त होते आणि एलएफसी जागं होऊ शकतं. काही पॅनेल हे निमूट सहन करतात. काहींवर लुकलुक सुरू होते, काहींचा पडदा मधूनमधून काळा पडतो. मग मूळ आकडा परत लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं.

कन्सोलवर हा आकडा हाताशीही नसतो. सोनीने प्लेस्टेशन ५ ला बदलत्या रिफ्रेश रेटची सोय एप्रिल २०२२ मध्ये दिली, रेंज ४८ ते १२० हर्ट्झ. अडीचपटीचं गणित इथे बरोबर बसतं, पण खालच्या पट्ट्यात फ्रेम दुप्पट करण्याचं काम यंत्रणा स्वतः करत नाही, ते गेम बनवणाऱ्यांवर सोडलेलं आहे. ज्यांना ते टाळायचं असतं ते गेमची गती ४० ला बांधून टीव्हीला स्थिर १२० हर्ट्झचा सिग्नल देतात. १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, प्रत्येक फ्रेम तीन वेळा दिसते, आणि अंदाज बांधायची गरजच उरत नाही. जुन्या ६० हर्ट्झच्या टीव्हीवर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण ६० ला ४० ने भाग जात नाही; तिथे ३० किंवा ६० एवढेच दोन पर्याय राहतात.