रेझिन चिकट का राहते?

घरी ओतलेला कोस्टर दोन दिवसांनी साच्यातून काढला आणि बोट टेकवताच ठसा उमटला, तर बहुतेकांच्या मनात पहिला विचार येतो तो 'हार्डनर कमी पडला' हा. दुसऱ्या खेपेला मग थोडा जास्त हार्डनर घातला जातो. एपॉक्सीच्या बाबतीत हा उपाय दुखणे वाढवतो, पॉलिएस्टरच्या बाबतीत कधी चालून जातो, आणि यूव्ही रेझिनमध्ये तर हार्डनर नावाची वस्तूच नसते. बाटल्या दिसायला सारख्या, आतला द्रव तसाच पाण्यासारखा स्वच्छ. पण तिन्ही रेझिन घट्ट होतात ती तीन वेगळ्या कारणांनी. कोस्टरला कुठले घ्यायचे, कानातल्यांना कुठले आणि घरात कुठले आणूच नये, हे त्यावरूनच ठरते.

हौशी मंडळींच्या हाती आज सर्वाधिक असते ते एपॉक्सी. याच्या दोन बाटल्या असतात, एकीत रेझिन, दुसरीत हार्डनर. हा हार्डनर अमाइन जातीचा असतो आणि तो नुसती चालना देऊन बाजूला होत नाही. रेझिनच्या प्रत्येक रेणूच्या टोकांना त्याचे रेणू कायमचे जोडले जातात, म्हणजे तयार कोस्टरमध्ये हार्डनर हा निम्मा-शिम्मा भागीदार असतो. भागीदार कमी पडला तर रेझिनची टोके मोकळी राहतात; जास्त झाला तर तोच मोकळा राहतो. दोन्ही वेळा माल रबरासारखा मऊ किंवा चिकट निघतो आणि महिनाभर ठेवला तरी सुधारत नाही. म्हणून 'लवकर वाळावे म्हणून थोडा जास्त' ही सवय इथे चालत नाही.

इथेच एक बारीक खोच आहे. बाटलीवर २:१ लिहिलेले असते, पण ते वजनाने की मापाने हे अनेकजण वाचत नाहीत. १० सेंटीमीटर व्यासाचा आणि ८ मिलिमीटर जाडीचा गोल कोस्टर घ्या. त्याला साधारण ६३ मिलिलिटर, म्हणजे सुमारे ७० ग्रॅम मिश्रण लागते. एपॉक्सी रेझिनची घनता सुमारे १.१५ आणि हार्डनरची पाण्याच्या जवळपास, ०.९७ च्या आसपास असते. प्रमाण मापाने २:१ असेल, तर वजनात ते जवळजवळ २.४:१ होते, म्हणजे रेझिन ४९ ग्रॅम आणि हार्डनर २१ ग्रॅम. आता हेच कुणी वजनकाट्यावर सरळ २:१ मोजले, तर हार्डनर २३ ग्रॅमांच्या वर जातो. फरक जेमतेम अडीच ग्रॅमांचा, पण हार्डनर हवा त्यापेक्षा सुमारे १८ टक्के जास्त झाला, आणि एवढे पुरते. मापाचे प्रमाण असेल तर खुणांचे पारदर्शक कप वापरावेत, वजनाचे असेल तर दशांश दाखवणारा काटा. दोन्हींची सरमिसळ करू नये.

प्रमाण बरोबर असूनही कोस्टर बिघडतो तो ढवळण्यात. कपाच्या कडेला आणि तळाला चिकटलेले रेझिन काडीने खरवडून आत घेतले नाही, तर ते न मिसळताच राहते आणि ओतताना शेवटी साच्यात उतरते. तीन-चार मिनिटे सावकाश ढवळून मिश्रण दुसऱ्या कोऱ्या कपात ओतावे आणि पुन्हा मिनिटभर ढवळावे. रेघा दिसेनाशा झाल्या की ओतायला हरकत नाही. बुडबुडे काढायला हीटगन एकाच जागी धरून बसू नये. थोड्या अंतरावरून एकदा फिरवली की वरचे बुडबुडे फुटतात; जास्त धरली तर साचा जळतो.

महाराष्ट्राची हवा या कामात बरीच ढवळाढवळ करते. तापमान १० अंशांनी वाढले की एपॉक्सीची क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होते. नागपूरच्या मे महिन्यात कपात ठेवलेले मिश्रण बघता बघता गरम होते, क्वचित धूरही सोडते, कारण क्रियेतून निघालेली उष्णता कपाच्या बंदिस्त गोळ्यातून बाहेर पडत नाही. तेच मिश्रण साच्यात पातळ पसरले की शांत राहते. मिसळल्यावर कप हातात घेऊन बसू नये, लगेच ओतावे. नाशिकच्या थंडीत उलटे होते. रेझिन मधासारखे दाट होते आणि त्यात बारीक बुडबुडे अडकून राहतात. बाटली दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवली की ते पातळ होते. कोकणातला आणि मुंबईतला पावसाळा मात्र वेगळाच त्रास देतो. हवेतली बाष्पे आणि कार्बन डायऑक्साइड यांची पृष्ठभागावरच्या अमाइनशी गाठ पडते आणि तुपकट, कधी पांढुरकी साय धरते. ती दिसली की कोस्टर फेकू नका. साबणाच्या पाण्याने धुतली तर जाते. न धुता वर दुसरा थर ओतला तर तो थर सोलून निघतो.

पॉलिएस्टरचे गणित निराळे. फायबरच्या मूर्ती, पाण्याच्या टाक्या यांच्या दुकानात जी. पी. रेझिन म्हणून मिळते ते हेच. शर्टाची कित्येक बटणे आणि बाजारात दिसणारे विंचू अडकवलेले पेपरवेटही यातूनच ओतले जातात. या द्रवात बराच भाग स्टायरिन असतो. कॅटॅलिस्ट म्हणून मेथिल इथिल किटोन पेरॉक्साइडचे काही थेंब घातले की साखळी क्रिया सुरू होते आणि स्टायरिन व पॉलिएस्टरच्या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात. इथे हार्डनर खरोखर फक्त ठिणगी पाडतो, म्हणून त्याचे प्रमाण १-२ टक्के. आपल्या ७० ग्रॅमच्या कोस्टरला एक ग्रॅमही पुरतो. तो थोडा वाढला तर क्रिया झपाट्याने होते, कमी झाला तर सावकाश. एपॉक्सीसारखा कडक हिशेब नाही, पण जास्त कॅटॅलिस्टने उष्णता इतकी वाढते की तुकडा तडकतो.

पॉलिएस्टरची किंमत कमी आणि ते घट्टही लवकर होते, म्हणून कारखान्यांना ते परवडते. हौशी माणसाला ते न परवडण्याची कारणे त्याच द्रवात आहेत. घट्ट होताना ते आकारमानाने साधारण ७ टक्के आकसते. ६३ मिलिलिटर ओतले तर जेमतेम ५९ मिलिलिटरचा तुकडा हाती येतो आणि आत शिंपला किंवा नाणे अडकवले असेल तर त्याभोवती चरे पडतात. पृष्ठभाग हवेशी संपर्कात असेपर्यंत चिकट राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन ती साखळी तोडतो. आतला भाग दगडासारखा आणि वरचा थर लुसलुशीत, ही पॉलिएस्टरची नेहमीची खूण. व्यवसायात शेवटच्या थरात मेण मिसळतात किंवा वर मायलरची फिल्म अंथरतात, म्हणजे हवा लागत नाही. शिवाय स्टायरिन सिलिकोनच्या साच्याचे आयुष्य कमी करते.

याहून मोठा प्रश्न वासाचा आणि सुरक्षेचा आहे. स्टायरिनची वाफ बंद फ्लॅटमध्ये डोके दुखवते, आणि तिला साधा कापडी मास्क अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीचा कार्ट्रिज लावलेला मास्क आणि मोकळी हवा लागते. कॅटॅलिस्ट डोळ्यात गेला तर इजा कायमची होऊ शकते. दुकानदार सोबत निळसर-जांभळे कोबाल्टही देतो. कोबाल्ट आणि कॅटॅलिस्ट एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, स्फोट होऊ शकतो. आधी एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचे आणि मगच दुसरे घालायचे. माझ्या मते सोसायटीतल्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर हा उद्योग करूच नये.

यूव्ही रेझिन म्हणजे ॲक्रिलेट जातीचा द्रव आणि त्यात प्रकाशाने जागा होणारा घटक. मिसळायचे काहीच नाही. ३६५ ते ४०५ नॅनोमीटरचा दिवा लावला की दोन-तीन मिनिटांत तुकडा कडक होतो, नखांवर जेल लावायचा साधा दिवाही चालतो. उन्हातही ते घट्ट होते, म्हणून खिडकीशेजारी काम करताना बाटलीचे नाक बंद व्हायला वेळ लागत नाही. पण प्रकाश पोहोचतो तेवढेच ते होते. एका वेळी २-३ मिलिमीटरपेक्षा जास्त ओतले तर वरचा थर टणक आणि खालचा ओला, असे घडते. पांढरा किंवा काळा रंग भरपूर मिसळला तर प्रकाश आत शिरतच नाही. पृष्ठभागावर सुरकुत्या पडतात आणि आत द्रव राहतो.

कानातल्याचे उदाहरण घेऊ. गुलाबाची पाकळी आधी सिलिका जेलमध्ये पूर्ण वाळवायची, कारण ओली पाकळी रेझिनमध्ये तपकिरी होते आणि बुडबुडे सोडते. साच्यात मिलिमीटरभर यूव्ही रेझिन ओतून दोन मिनिटे दिवा, मग पाकळी, तिच्यावर पुन्हा पातळ थर आणि दिवा. पाकळी स्वतः सावली टाकते, म्हणून साचा पारदर्शक असला तर उलटा करून मागूनही दोन मिनिटे दिवा द्यायचा. बाहेर काढल्यावर वरची पकड चिकट वाटली तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पुन्हा दिव्याखाली ठेवायचे. इथेही चिकटपणाचे कारण बहुधा ऑक्सिजन असते. मागची बाजू मऊ असेल तर प्रकाश कमी पडला. वरमाला किंवा मोठी फुले जपायची असतील तर मात्र हे रेझिन कामाचे नाही. ती जाडी सावकाश घट्ट होणाऱ्या, जाड थरासाठीच्या एपॉक्सीने भरावी लागते.

चहाच्या प्रश्नावर कोस्टरचा निकाल लागतो. बाजारातल्या नेहमीच्या एपॉक्सीपासून केलेला तुकडा ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो आणि स्टीलच्या पेल्यात ताजा चहा त्याहून बराच गरम असतो. म्हणून पेल्याचा गोल ठसा उमटतो. तो कच्चेपणाचा नसून उष्णतेचा असतो, पण आठवडा होण्याआधी वापरला तर लवकर उमटतो, कारण घट्टपणा दिवसेंदिवस वाढत जातो. उष्णता सहन करणारे एपॉक्सी वेगळे मिळते. किंवा तळाला कॉर्क आणि वर कापडी चकती ठेवावी.

चिकट तुकडा हाती आला की आधी साबणाच्या पाण्याने धुऊन पाहावे. चिकटपणा गेला तर साय होती. ठिकठिकाणी मऊ डाग असतील तर ढवळणे कमी पडले. डाग खरवडून काढून त्यावर बरोबर प्रमाणाचा पातळ थर देता येतो. सगळाच तुकडा रबरासारखा असेल तर प्रमाण चुकले, तो फेकावा. हातमोजे नायट्राइलचे असू द्या. एपॉक्सी आणि ॲक्रिलेट दोन्ही त्वचेला ॲलर्जी लावतात आणि ती एकदा लागली की पुढच्या वेळी थोड्याशा स्पर्शानेही पुरळ उठते. हाताला लागलेले रेझिन स्पिरिटने पुसू नये, ते त्वचेत शिरते, साबण-पाणी वापरावे. उरलेले मिश्रण सिंकमध्ये ओतण्याऐवजी कपातच पातळ थरात घट्ट होऊ द्यावे आणि मग कचऱ्यात टाकावे.