बॅडमिंटनच्या दुहेरीत पंच कसा तयार करावा?



शाळेत बॅडमिंटन शिकवताना रॅकेट धरणं, ड्रॉप, स्मॅश हे सगळं आपण शिकवतो. पंचाच्या खुर्चीवर मात्र जो मुलगा रिकामा असेल त्याला बसवतो. एकेरीत तो कसाबसा निभावून नेतो. दुहेरी सुरू झाली की तीन-चार गुणांनंतर कोर्टवर एकच प्रश्न घुमतो, "सर्व्हिस कुणाची?" चार खेळाडू चार उत्तरं देतात आणि पंच कावराबावरा होतो. म्हणून या लेखात दुहेरीवरच जास्त भर दिला आहे. ती जमली की एकेरी आपोआप जमते.

आधी पालकांसाठी एक खुलासा. तुम्ही लहानपणी खेळलात तेव्हा सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळायचा, बहुतेक गेम 15 चा असायचा आणि दुहेरीत 'सेकंड सर्व्हिस' असायची. 2006 पासून ते बदललं. आता सर्व्हिस कुणाचीही असो, रॅली जो जिंकेल त्याला गुण. गेम 21 चा, तीनपैकी दोन गेम जिंकायचे. 20-20 झाले तर दोन गुणांची आघाडी लागते आणि 29-29 झाले तर तिसावा गुण घेणारा जिंकतो. दुहेरीत प्रत्येक बाजूला एकच सर्व्हिस. रॅली हरली की सर्व्हिस समोर गेली. घरी बाबा एक सांगतात आणि शाळेत सर दुसरं, असं मुलं म्हणतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

आता सर्व्हिस कोर्ट. उजवं-डावं हे नेहमी नेटकडे तोंड करून उभ्या असलेल्या खेळाडूचं, पंचाचं नव्हे. पंच बाजूला बसतो, त्यामुळे त्याचा पहिला गोंधळ इथेच होतो. सर्व्हिस तिरपी जाते: उजवीकडून समोरच्याच्या उजवीकडे, डावीकडून डावीकडे. एकेरीचं सर्व्हिस कोर्ट अरुंद पण लांब असतं, दुहेरीचं रुंद पण आखूड. दुहेरीत सर्व्हिसपुरती मागची हद्द 76 सेंटीमीटर आत येते. सर्व्हिस परतवली गेली की ती आतली रेषा विसरायची आणि शेवटची रेषा धरायची. शटल रेषेला टेकलं तरी ते आत.

दुहेरीचे नियम तीनच आहेत, पण मुलांकडून ते मोठ्याने म्हणवून घ्या. एक, सर्व्हिस करणाऱ्या बाजूचे स्वतःचे गुण सम असतील तर सर्व्हिस उजवीकडून, विषम असतील तर डावीकडून. दोन, सर्व्हिस करणारी जोडी गुण मिळवते तेव्हाच तिचे दोघे आपापसात जागा बदलतात आणि तोच खेळाडू पुन्हा सर्व्हिस करतो. तीन, सर्व्हिस घेणारी जोडी गुण मिळवते तेव्हा कुणीच जागा बदलत नाही; फक्त सर्व्हिस तिच्याकडे येते.

हे फळ्यावर नुसतं लिहून डोक्यात शिरत नाही. मी जमिनीवर खडूने कोर्ट आखते आणि बाटलीची चार झाकणं ठेवते. समजा, एकीकडे आशा उजवीकडे आणि बकुळ डावीकडे. समोर चारू उजवीकडे आणि दीपा डावीकडे. 0-0. आशा उजवीकडून चारूला सर्व्हिस करते.

आशा-बकुळ रॅली जिंकतात. 1-0. सर्व्हिस त्यांचीच होती, म्हणून दोघी जागा बदलतात. आता आशा डावीकडून दीपाला सर्व्हिस करते.

ही रॅली चारू-दीपा जिंकतात. 1-1. एकही झाकण हलवायचं नाही. त्यांचा गुण 1, म्हणजे विषम, म्हणून डावीकडे जी उभी आहे ती सर्व्हिस करणार. ती दीपा. समोर डावीकडे आशा आहे, म्हणून ती सर्व्हिस घेणार. "पहिली सर्व्हिस चारूची, ती उजवीकडे आहे ना!" असं हमखास कुणीतरी ओरडतं. सर्व्हिस दुसऱ्या बाजूकडे गेली की नेहमी उजवीकडूनच सुरू होते, ही सगळ्यात मुरलेली चुकीची समजूत. इथे जरा थांबा.

पुढची रॅली पुन्हा आशा-बकुळची. 2-1. झाकणं तशीच. गुण सम, उजवीकडे बकुळ आहे, म्हणून ती चारूला सर्व्हिस करते. मग चारू-दीपा जिंकतात, 2-2. त्यांच्या उजवीकडे चारू, ती बकुळला सर्व्हिस करते. तीच जोडी पुन्हा जिंकते, 3-2. आता मात्र चारू-दीपा जागा बदलतात आणि चारू डावीकडून आशाला सर्व्हिस करते.

गुणपत्रकावर चौघींच्या नावांच्या चार ओळी आखा. सुरुवातीला आशाच्या ओळीत 'स' म्हणजे सर्व्हिस करणारी आणि चारूच्या ओळीत 'घ' म्हणजे घेणारी असं लिहा. दोघींच्या ओळीत 0 मांडा. त्यानंतर प्रत्येक गुण नव्या रकान्यात लिहायचा, पण जी पुढची सर्व्हिस करणार तिच्याच ओळीत. वरच्या उदाहरणात 1 आशाच्या ओळीत, मग 1 दीपाच्या, 2 बकुळच्या, 2 आणि 3 चारूच्या. भांडण झालं की शेवटचा आकडा कुणाच्या ओळीत आहे ते बघायचं, सर्व्हिस तिची. आकडा सम की विषम यावरून बाजूही कळते. वर्गात रॅली कोण जिंकलं याची नुसती यादी वाचून दाखवा आणि मुलांना पत्रक भरू द्या. पावसाळ्यात हॉल मिळत नाही तेव्हा हा तास उत्तम जातो.

गुण पुकारताना सर्व्हिस करणाऱ्या बाजूचा आकडा आधी. सर्व्हिस बदलली तर आधी "सर्व्हिस ओव्हर", मग गुण. आणि चुकीच्या खेळाडूने किंवा चुकीच्या बाजूने सर्व्हिस केली असं नंतर लक्षात आलं तर? जागा दुरुस्त करायच्या, झालेले गुण तसेच ठेवायचे. मुलं लगेच गुण परत मागतात, द्यायचे नाहीत.

फॉल्टची लांब यादी एकदम पाठ करून घेऊ नका. बहुतेक वाद सर्व्हिसचेच असतात. शटलला रॅकेट लागते त्या क्षणी पूर्ण शटल जमिनीपासून 1.15 मीटरच्या खाली हवं. शाळेत मापाचं यंत्र नसतं, पण नेटच्या खांबावर त्या उंचीला रंगीत चिकटपट्टी लावता येते. सर्व्हिस बघणाऱ्या मुलाला ठेंगण्या खुर्चीवर बसवा, म्हणजे त्याचे डोळे त्याच पातळीवर येतील. उभ्याने बघितलं तर अंदाज चुकतो. सर्व्हिस होईपर्यंत दोघांचेही दोन्ही पाय जमिनीला टेकलेले हवेत आणि रेषेवर पाय नको. सर्व्हिस करताना रॅकेट फिरवली आणि शटल लागलंच नाही, तरी फॉल्ट. घेणाऱ्याच्या जोडीदाराने सर्व्हिस परतवली, तरी फॉल्ट. नेटला घासून शटल योग्य कोर्टात पडलं तर मात्र ती चांगली सर्व्हिस. टेनिस बघणारी मुलं तिथे "लेट" ओरडतात. रॅलीत अंग, कपडे किंवा रॅकेट नेटला लागली की गुण गेला, हे मुलांना पटकन समजतं.

रेषेवर बसणाऱ्या मुलांना तीन खुणा पुरतात. बाहेर असेल तर दोन्ही हात आडवे पसरून "आउट" म्हणायचं. आत असेल तर काही न बोलता उजव्या हाताने रेषा दाखवायची. दिसलंच नसेल तर दोन्ही हात डोळ्यांवर. ही तिसरी खूण मुद्दाम करून घ्या, कारण मुलांना "दिसलं नाही" म्हणायची लाज वाटते आणि ती मित्राच्या बाजूने अंदाज ठोकतात. डोळ्यांवर हात गेले की निर्णय पंचाने द्यायचा. त्यालाही दिसलं नसेल तर लेट, आणि ती रॅली त्याच गुणांवर, त्याच सर्व्हिसने पुन्हा.