नळ बंद, तरी मीटरचा तारा फिरतोच

पाण्याच्या मीटरच्या तबकडीवर, आकड्यांच्या शेजारी, एक छोटीशी चांदणी किंवा तिकोनी चक्री असते. बिलाशी तिचा संबंध नसल्यामुळे तिच्याकडे कुणी पाहत नाही. काळे आकडे हजार लिटरचे, म्हणजे बिलावरच्या एका युनिटचे. लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे. चांदणी मात्र मीटरमधून जाणाऱ्या अगदी बारीक धारेनेही फिरते. घरातले सगळे नळ बंद आहेत आणि ती एकाच दिशेने संथपणे फिरत राहिली, की पाणी कुठेतरी जातंय हे नक्की.

कुठे जातंय, हा प्रश्न आपल्याकडे जरा अवघड आहे. ज्या गावांत पाणी नळाला थेट आणि चोवीस तास येतं तिथे ‘नळ बंद करा, मीटर बघा’ एवढी सूचना पुरते. कराडजवळच्या मलकापूरने मीटरने चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. पण महाराष्ट्रातल्या बहुतेक शहरांत पाणी ठरलेल्या वेळी येतं, मीटरमधून जमिनीखालच्या टाकीत पडतं, तिथून पंपाने गच्चीवर चढतं आणि मग नळाला उतरतं. अशा घरात सगळे नळ बंद असले तरी खालची टाकी भरेपर्यंत मीटर फिरणारच. त्यात गळती काही नाही. उलट गच्चीवरून खाली येणारी पाइप भिंतीत पाझरत असली तरी टाकी भरलेली असताना मीटर बराच वेळ गप्प राहील. म्हणून घराचे तीन टप्पे करून प्रत्येक टप्पा स्वतंत्र तपासावा लागतो.

पहिला टप्पा मीटरपासून खालच्या टाकीपर्यंतचा. ही तपासणी पाणी सुरू असतानाच करता येते, मात्र पाणी आल्या आल्या करू नये. रिकाम्या पाइपमधली हवा आधी बाहेर ढकलली जाते आणि ती हवाही चांदणी जोरात फिरवते. पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्यावीत. मीटर आणि टाकी यांच्यामध्ये बागेसाठी वगैरे एखादा नळ काढलेला असेल तर तोही बंद आहे ना, हे पाहावं. मग टाकीचं झाकण उघडून बॉलकॉकचा गोळा हाताने वर उचलावा आणि दोरीने बांधून ठेवावा. तोंडाशी कान दिला तर पाणी पडणं खरोखर थांबलं का, हे कळतं. आता मीटर बघायचा. चांदणी थांबली तर मधली पाइप ठीक आहे. ती जागच्या जागी मागेपुढे थरथरत असेल तर तो लाइनमधल्या दाबाचा चढउतार समजावा. एकाच दिशेने फिरत असेल तर मीटर आणि टाकी यांच्यामध्ये गळती आहे.

एका बंगल्याचा हिशेब मांडून पाहू. गोळा बांधलेला, टाकीत थेंब पडत नाही, आणि दहा मिनिटांत मीटरचा लिटर दाखवणारा लाल काटा ४ घरं पुढे सरकला. म्हणजे तासाला २४ लिटर. पाणी दिवसातून तीन तास येत असेल तर रोजचे ७२ लिटर, महिन्याचे साधारण २,१०० लिटर, म्हणजे जेमतेम दोन युनिट. बिलात ते सहज लपून जातं. त्याच घराला चोवीस तास पाणी सुरू झालं की तीच गळती महिन्याला १७ युनिटांवर जाते. ‘नवीन योजनेचे मीटर पळतात’ अशी तक्रार ऐकू येते तेव्हा ही शक्यता आधी पडताळून पाहावी.

कमी तासांच्या पुरवठ्यात हे भोक आणखी एक उपद्रव करतं, आणि तो बिलापेक्षा वाईट आहे. पाणी गेल्यावर पाइप रिकामी होते, तिच्यात ओढ निर्माण होते आणि भोवतालचं चिखलाचं किंवा गटाराचं पाणी त्याच भोकातून आत शिरतं. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं ते गढूळ किंवा वासाचं येत असेल आणि शेजाऱ्यांकडे तसं नसेल, तर संशय स्वतःच्याच पाइपवर घ्यावा. मीटरपासून टाकीपर्यंतच्या जुन्या लोखंडी पाइप बहुधा फरशीखालून जातात तिथे किंवा जोडांपाशी गंजतात.

गोळा बांधल्यावर चांदणी थांबली, पण सोडल्यावर टाकी काठोकाठ भरलेली असतानाही फिरू लागली, तर दोष बॉलकॉकचा. वायसर झिजलेला असतो, दांडी वाकलेली असते, नाहीतर गोळ्याला भोक पडून त्यात पाणी भरलेलं असतं आणि तो नीट तरंगत नाही. जादाचं पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपमधून थेट गटारात जातं. ते कुणाला दिसत नाही, म्हणून वर्षानुवर्षं चालू राहतं.

दुसरा टप्पा खुद्द खालची टाकी. इथे मीटरचा उपयोग नाही. रात्री पंप बंद ठेवावा, येणारं पाणी व्हॉल्व्हने थांबवावं आणि भिंतीवर पाण्याच्या पातळीशी खूण करावी. टाकी २ मीटर बाय १.५ मीटरची असेल तर सकाळी एक सेंटिमीटर उतरलेलं पाणी म्हणजे ३० लिटर. पातळी उतरण्याऐवजी वाढलेली दिसली तर? बहुतेक वेळा पंपाच्या लाइनमधला एकमार्गी व्हॉल्व्ह निकामी झालेला असतो आणि गच्चीवरचं पाणी परत खाली येत असतं. पावसाळ्यात मात्र बाहेरचं पाणी तड्यातून आत येतंय का, हेही पाहावं लागतं.

तिसरा टप्पा गच्चीवरच्या टाकीपासून नळांपर्यंतचा. काही सोसायट्यांत प्रत्येक फ्लॅटला वेगळा मीटर याच लाइनवर असतो आणि तिथे काम सोपं. नळ, वॉशिंग मशीन बंद करूनही चांदणी फिरत असेल तर फ्लशच्या टाकीखालचा अँगल कॉक बंद करावा. तेवढ्याने ती थांबली तर चोर सापडला. खात्रीसाठी फ्लशच्या टाकीत थोडी नीळ कालवावी आणि वीस मिनिटं फ्लश न करता थांबावं. भांड्यात निळा रंग उतरला तर आतलं रबर गेलेलं आहे. मग पाळी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राची. त्याचा आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह बिघडला तर टाकी भरल्यावरही टाकाऊ पाण्याची नळी वाहत राहते. ती नळी सिंकखाली सोडलेली असल्यामुळे आवाजही येत नाही.

हे सगळं बंद केलं तरी चांदणी फिरते, तेव्हाच भिंतीतल्या पाइपकडे वळावं. ओल दिसते तिथेच गळती असते असं नाही, कारण पाणी फरशीखालून बरंच लांब जाऊन बाहेर येतं. लोखंडी पाइपवर सळई टेकवून प्लंबर आवाज ऐकतात, पण प्लॅस्टिकच्या पाइपमध्ये आवाज फार लांब जात नाही. म्हणून हातोडा हाती घेण्याआधी दाबाची चाचणी करून घ्यावी. लाइनचा एकेक भाग बंद करून हातपंपाने पाणी दाबायचं आणि काटा पाहायचा. ज्या भागात काटा उतरतो, तेवढाच फोडायचा.

एक अडचण मात्र हमखास येते. जुने व्हॉल्व्ह फिरवले तरी पूर्ण बंद होत नाहीत आणि सगळी तपासणी फसते. त्यामुळे व्हॉल्व्ह बंद केल्यावर त्याच्या पुढचा एक नळ उघडून धार खरंच थांबते का ते पाहावं. मीटरलगतचा व्हॉल्व्ह असा पक्का बंद असूनही चांदणी फिरत असेल, तर त्या व्हॉल्व्हपर्यंतचा जोड पाझरतोय का ते बघावं. तोही कोरडा असेल तर शंका मीटरवरच घ्यावी आणि पाणीपुरवठा विभागाकडे मीटर तपासण्याचा अर्ज करावा. अर्जासोबत वेळेसह काढलेले मीटरचे दोन फोटो जोडावेत, एक तपासणीच्या सुरुवातीचा आणि एक शेवटचा.