दाटीचा झेंडू

दसऱ्याच्या सकाळी ओवलेली माळ संध्याकाळी विरळ दिसते, कारण फुलं सुकून आक्रसतात आणि मधून दोरा डोकावतो. ही दाटी ओवतानाच साधावी लागते.

झेंडूच्या पाकळ्या वर पसरट असतात, खाली हिरवा भाग निमुळता. सुई आडवी घातली तर फुलं कशीही वळतात आणि हिरवं बाहेर दिसतं. म्हणून देठ अगदी मुळाशी खुडावं, सुई हिरव्या भागाच्या बरोबर मध्यातून घालून पाकळ्यांच्या मध्यातून बाहेर काढावी. पुढच्या फुलाचा हिरवा भाग मागच्याच्या पाकळ्यांत रुतून लपतो. माळ गोल, भरीव होते ती यामुळेच.

किती फुलं लागतील? आधी दहा ओवून मोजा. समजा ती आठ इंच भरली. तीन फुटी दारासाठी थोडी झोळ धरून चाळीस इंच माळ हवी, म्हणजे पन्नास फुलं. बांधायला दोन्हीकडे एकेक वीत सोडून दुहेरी दोरा घ्यायचा, म्हणजे एकूण सुमारे दहा फूट. पंचवीस फुलांनंतर सुई उलट, पाकळ्यांकडून घाला. दोन्ही बाजू मध्याकडे तोंड करतात.

फुलं बोटांनी हलकेच सरकवावीत. पाकळ्या मुडपल्या, माळ काठीसारखी ताठ झाली, तर दाब जास्त झाला. दोनेक फुलं काढा. आणि ओली फुलं कृपा करून ओवू नका. दाटीत पाणी अडकतं आणि दुसऱ्या दिवशी आतून काळपट पडतात.