रात्रपाळीवाल्याने केव्हा जेवावे?

उज्जैनच्या नानाखेडा बसस्टँडवर रात्री १० ते सकाळी ६ पहारा करणारा एखादा गडी डोळ्यांपुढे आणा. मध्यरात्री तो डबा उघडून पोटभर जेवतो, सकाळी पोहे-जिलेबी खाऊन झोपतो आणि दुपारी आंबट ढेकर देत उठतो. रात्री गव्हाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याचेही असेच होते.

झोप दिवसावर गेली, तरी शरीराचे घड्याळ तितक्या लवकर फिरत नाही. रात्री तेच अन्न रक्तातली साखर जास्त वाढवते. २०२१ साली अमेरिकेत १९ निरोगी तरुणांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. रात्रपाळीप्रमाणे जागून रात्रीही जेवणाऱ्यांची साखर सरासरी ६.४ टक्के वाढली. फक्त दिवसा जेवणाऱ्यांची तशी वाढली नाही.

म्हणून मुख्य जेवण कामावर जाण्यापूर्वी, संध्याकाळी ७ च्या सुमारास करावे: भाकरी, डाळ, पालेभाजी, थोडा भात. रात्री शक्यतो पाणीच प्यावे. फार भूक लागली, तर मूठभर फुटाणे किंवा वाटीभर ताक घ्यावे. चहाचा शेवटचा कप रात्री १ पर्यंतच, नाहीतर सकाळची झोप उडते. घरी आल्यावर थोडे पोहे, त्यात शेंगदाणे, जिलेबी नको. ८ ला झोपून ३ ला उठल्यावर पोळी, उसळ आणि काकडी खावी.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय रात्रीचे खाणे बंद करू नये. घाम, थरथर किंवा भोवळ आल्यास लगेच साखर खावी.