लॉगशीटमधले चार आकडे

साखर कारखान्याच्या पॉवर हाऊसमध्ये दर तासाला लॉगशीट भरली जाते. टर्बाइनमध्ये शिरणाऱ्या वाफेचा दाब आणि तापमान, बाहेर पडणाऱ्या वाफेचा दाब आणि तापमान हे चार रकाने तिच्यात असतातच. आकडे भरायचे, सही करायची आणि शीट फाइलला लावायची, असाच बहुतेकदा शिरस्ता. पण याच चार आकड्यांवरून टर्बाइन न उघडता त्याची प्रकृती सांगता येते. गेल्या लेखांकात आपण कसलाही अपव्यय नसलेलं आदर्श प्रसरण पाहिलं. आज खऱ्या टर्बाइनकडे वळू.

उदाहरणासाठी एक बॅक प्रेशर टर्बाइन घेऊ. बगॅसवर चालणाऱ्या बॉयलरमधून त्यात ४० बार दाबाची, ४०० अंश सेल्सिअसची वाफ येते. टर्बाइन फिरवून झालं की ती २ बारवर बाहेर पडते आणि उसाचा रस आटवायला जाते. बाहेरच्या रकान्यात तापमान लिहिलंय १५० अंश. टर्बाइनवर इन्सुलेशनचा जाड थर आहे. वाफ आत असते तीही क्षणभरच, त्यामुळे आवरणातून निसटणारी उष्णता हिशेबात धरण्याइतकी नसते. म्हणजे प्रसरण अ‍ॅडियाबॅटिक आहे.

इथे विद्यार्थी हमखास घसरतात. उष्णता आली नाही, गेली नाही, म्हणजे एन्ट्रॉपी बदलली नाही, असं ते धरून चालतात आणि थेट आयसेन्ट्रॉपिक सूत्र लावून मोकळे होतात. एन्ट्रॉपी दोन वाटांनी बदलते. एक, उष्णतेबरोबर ती आत येते किंवा बाहेर जाते. दुसरी, घर्षणामुळे, भोवऱ्यांमुळे, दाब वाया गेल्यामुळे ती आतल्या आत निर्माण होते. इन्सुलेशनने पहिली वाट बंद केली, दुसरी उघडीच आहे. आणि दुसऱ्या वाटेने एन्ट्रॉपी फक्त वाढते. त्यातून एक सोय मात्र होते. पहिली वाट बंद असल्यामुळे वाफेच्या एन्ट्रॉपीत जी वाढ दिसेल ती सगळीच्या सगळी टर्बाइनच्या आत निर्माण झालेली असते.

आता स्टीम टेबल उघडू. ४० बार, ४०० अंशांच्या एक किलो वाफेची एन्थाल्पी ३२१४.५ किलोजूल आणि एन्ट्रॉपी ६.७७१ किलोजूल प्रति केल्विन. बाहेर २ बार, १५० अंशांवर एन्थाल्पी २७६९.१ आणि एन्ट्रॉपी ७.२८१. एन्थाल्पी जितकी उतरली तितकं काम शाफ्टला मिळालं: किलोमागे ४४५ किलोजूल. एन्ट्रॉपी वाढली ०.५१ ने.

४४५ हा आकडा चांगला की वाईट? तुलनेसाठी याच वाफेच्या आणखी दोन वाटा पाहू. दोन्हींची अखेर २ बारवरच होते.

पहिली वाट आदर्श टर्बाइनची. एन्ट्रॉपी ६.७७१ वरच राहिली, तर २ बारला वाफ कोणत्या अवस्थेत असेल? २ बारवर पूर्ण कोरड्या संपृक्त वाफेची एन्ट्रॉपी ७.१२७ असते आणि त्या दाबाच्या उकळत्या पाण्याची १.५३०. आपला आकडा या दोन्हींच्या मध्ये पडतो, म्हणजे वाफ ओली होईल. प्रमाण मांडलं की तिचा ९३.६ टक्के भाग वाफ आणि उरलेलं पाण्याचे थेंब, असं निघतं. त्याच प्रमाणात एन्थाल्पी काढली तर २५६६.४. म्हणजे आदर्श टर्बाइनने किलोमागे ६४८ किलोजूल काम दिलं असतं.

दुसरी वाट टर्बाइनला बगल देणारी. टर्बाइन बंद असतं तेव्हा कारखान्यात वाफ पीआरडीएसमधून नेतात. त्यातला व्हॉल्व्ह दाब ४० वरून २ बारवर आणतो आणि काम शून्य करतो. काम नाही, उष्णता नाही, म्हणून एन्थाल्पी जिथल्या तिथे. पाणी फवारण्याआधी ही वाफ सुमारे ३७० अंशांची असते आणि तिची एन्ट्रॉपी ८.१३ च्या आसपास पोचलेली असते. म्हणजे जवळजवळ १.३६ ने वाढ.

प्रसरण तिन्हींत अ‍ॅडियाबॅटिकच आहे, शेवटचा दाबही एकच. फरक फक्त किती एन्ट्रॉपी निर्माण झाली याचा: शून्य, ०.५१ आणि १.३६. आपलं टर्बाइन या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतं, ते सांगणारा आकडा म्हणजे आयसेन्ट्रॉपिक कार्यक्षमता.

η = (h1 − h2) / (h1 − h2s)

यात h1 ही आत येणाऱ्या वाफेची एन्थाल्पी, h2 खरोखर बाहेर पडणाऱ्या वाफेची आणि h2s आदर्श टर्बाइनमधून बाहेर पडली असती तिची. ४४५ भागिले ६४८, म्हणजे जवळपास ६९ टक्के. लहान, जुन्या बॅक प्रेशर यंत्राकडून याहून फार अपेक्षा नसते.

किलोमागे हुकलेले २०३ किलोजूल गेले कुठे? नोझलमधून वाफ सेकंदाला शेकडो मीटर वेगाने सुटते. पात्यांच्या पृष्ठभागालगतचा तिचा थर घासला जातो. पात्यामागे भोवरे उठतात. पात्याचं टोक आणि आवरण यांच्यातल्या फटीतून थोडी वाफ काम न करताच पुढे सटकते. भार कमी असेल तर गव्हर्निंग व्हॉल्व्ह अर्धवट मिटलेला असतो, आणि तिथे छोट्या प्रमाणावर पीआरडीएसचाच प्रकार चालतो. ज्या गतीतून शाफ्टला काम मिळायचं ती वाफेतच विरते आणि वाफ गरम राहते. म्हणूनच आदर्श वाफ १२० अंशांवर ओली निघाली असती, तर आपली कोरडी आणि १५० अंशांवर निघाली. टर्बाइनमधून बाहेर पडणारी वाफ अपेक्षेपेक्षा गरम असणं हीच बिघाडाची खूण. हंगामाच्या सुरुवातीला १५० दाखवणारा रकाना बाकी सगळं तेच असताना १६५ दाखवू लागला, तर कार्यक्षमता जवळपास पाच टक्क्यांनी घसरलेली असते. मग पात्यांवर सिलिकाचा थर बसलाय का, सील झिजलेत का, हे बघावं लागतं.

एन्ट्रॉपी आणि हुकलेलं काम यांचं नातं आकड्यांतही दिसतं. दाब कायम असताना एन्थाल्पीतली वाढ म्हणजे तापमान गुणिले एन्ट्रॉपीतली वाढ. आदर्श बिंदूपासून खऱ्या बिंदूपर्यंत २ बारच्या रेषेवरून चालत जाऊ. वाफ कोरडी होईपर्यंत तापमान ३९३ केल्विनवर अडून राहतं आणि एन्ट्रॉपी ०.३५६ ने वाढते. गुणाकार १४० किलोजूल. पुढे १२० वरून १५० अंशांवर जाताना आणखी ६३ किलोजूल. बेरीज २०३, म्हणजे नेमकं हुकलेलं काम.

पण हे २०३ सगळे कायमचे बुडालेत का? नाही. कायमचा तोटा मोजायची रीत गुई आणि स्टोडोला या दोघांच्या नावाने ओळखली जाते. निर्माण झालेल्या एन्ट्रॉपीला परिसराच्या तापमानाने गुणायचं. परिसर ३० अंशांचा, म्हणजे ३०३ केल्विन धरला तर ०.५१ गुणिले ३०३, सुमारे १५४ किलोजूल. उरलेल्या ४९ किलोजूलची काम करायची ऐपत त्या गरम वाफेत अजून शाबूत आहे. पुढे आणखी एक टर्बाइन असतं तर त्याने ती वापरली असती. बहुटप्पी टर्बाइनमध्ये हेच घडतं. पहिल्या टप्प्यांतल्या घर्षणाची थोडी भरपाई पुढचे टप्पे करतात, म्हणून सबंध टर्बाइनची कार्यक्षमता एकेका टप्प्याच्या कार्यक्षमतेपेक्षा किंचित जास्त भरते. साखर कारखान्यात तर ही उष्णता रस आटवायला जाते. त्यामुळे ‘एकतीस टक्के वाफ वाया गेली’ असं कुणी म्हणालं, तर ते चूक आहे. वाया गेली ती वीज.

कॉम्प्रेसरमध्ये हेच सूत्र उलटं होतं, कारण तिथे आदर्श काम हे सर्वांत कमी काम असतं. म्हणून आदर्श वर आणि खरं खाली. ३०० केल्विनची हवा आठपट दाबली तर आदर्श कॉम्प्रेसरमधून ती ५४३ केल्विनला निघते. मोजलं तेव्हा ५९० निघाली. हवेच्या बाबतीत एन्थाल्पीऐवजी तापमानांतल्या फरकांवर काम भागतं: २४३ भागिले २९०, म्हणजे ८४ टक्के. लक्षण मात्र तेच, बाहेर येणारी हवा हवी त्यापेक्षा गरम.

हिशेब सोपा आहे, चुका होतात त्या आकडे उचलताना. कारखान्यातला गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो आणि स्टीम टेबल निरपेक्ष दाबावर चालतं. आपले २ बार गेजवर चौरस सेंटीमीटरला सुमारे १ किलो दिसतील. कुणी तेच १ बार समजून टेबल उघडलं तर आदर्श काम ७५८ किलोजूल निघतं आणि कार्यक्षमता ५८ टक्के. यंत्र तेच, पण कागदावर अकरा टक्के गायब. ४० बारच्या बाजूला हीच गफलत फारशी जाणवत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं चालून जाते. तापमान मोजण्यातली चूक त्यामानाने सौम्य. एका अंशाला कार्यक्षमतेचा सुमारे ०.३ टक्का.

खरी पंचाईत होते वाफ ओली निघाली की. समजा, एक्झॉस्टचा रकाना १२० अंश दाखवतोय. २ बारवर वाफ ओली असेपर्यंत तापमान १२० च राहतं, मग तिच्यात एक टक्का पाणी असो की सहा. त्या आकड्यावरून एवढंच कळतं की कार्यक्षमता ७८ टक्क्यांच्या खाली नाही. निर्वाताकडे वाफ सोडणाऱ्या कंडेन्सिंग टर्बाइनमध्ये तर हे रोजचंच. अशा वेळी उलट बाजूने जावं लागतं. वाफ तासाला ३६ टन, म्हणजे सेकंदाला १० किलो, जात असेल आणि जनरेटर ५००० किलोवॉट देत असेल, तर जनरेटर आणि गिअरबॉक्सची मिळून कार्यक्षमता ९४ टक्के धरल्यावर शाफ्टवर ५३२० किलोवॉट येतात. किलोमागे ५३२ किलोजूल, म्हणजे कार्यक्षमता ८२ टक्के. बाहेरच्या वाफेची एन्थाल्पी वजाबाकीने मिळते, तीवरून पाण्याचा अंश निघतो, सुमारे एक टक्का, आणि निर्माण झालेली एन्ट्रॉपी ०.३ च्या जवळ. या वाटेने गेलं की सगळी भिस्त वाफेच्या फ्लोमीटरवर येते. तो तीन टक्क्यांनी कमी दाखवत असेल तर ८२ चे जवळपास ८५ होतात, आणि थर्मामीटर कितीही चांगला असला तरी ही चूक पकडून देत नाही.