कपाटात तेरा पुस्तकं हवीत, अकराच आहेत

छोटे मराठी प्रकाशक पुष्कळदा पुस्तकं दुकानात विक्री किंवा परत या बोलीवर ठेवतात. पुस्तकं चलनावर जातात, विकली जातील तेवढ्यांचंच बिल होतं आणि विकली जाईपर्यंत मालकी प्रकाशकाचीच राहते. दोन-चार महिन्यांनी प्रकाशक विक्रेत्याला हिशोबाचा ईमेल पाठवतो, आणि खटके उडतात ते बहुधा या ईमेलवरूनच. असाच एक नमुना घेऊ. दुकान आणि आकडे कल्पित आहेत, चुका मात्र नेहमीच्या.

‘सप्रेम नमस्कार. आपल्याकडे पाठवलेल्या १०० पुस्तकांपैकी ५७ विकली गेली, ३० परत मिळाली. कमिशन ३५ टक्के. देय कमिशन रु. ३,३९५. कृपया हिशोब मिटवावा.’

यातला एकही आकडा चुकीचा नाही. तरी दुकानदार हा ईमेल वाचून पैसे पाठवणार नाही, उलट ३,३९५ रुपये कधी येतात याची वाट बघत बसेल. देय म्हणजे कोणी कोणाला द्यायचं, हे लिहिलेलंच नाही. विक्रीची रक्कम दुकानाच्या गल्ल्यात आहे. दुकानदाराने त्यातून आपलं कमिशन ठेवून घ्यायचं आणि उरलेले पैसे प्रकाशकाला पाठवायचे, असा हा व्यवहार आहे. म्हणजे ईमेलमध्ये ठळक दिसायला हवा तो उरलेल्या पैशांचा आकडा, आणि नेमका तोच कुठे नाही.

दुसरी अडचण मोजणीची. ५७ आणि ३० मिळून ८७ होतात. उरलेली १३ पुस्तकं दुकानाच्या कपाटात असणार, असं प्रकाशकाने मनातल्या मनात धरलंय. विक्री, परत आणि शिल्लक यांची बेरीज पाठवलेल्या प्रतींइतकी यायलाच हवी, आणि तीही प्रत्येक पुस्तकाची वेगळी. एकूण बेरजेत एका पुस्तकाची तूट दुसऱ्याच्या जादा प्रतींखाली झाकली जाते. इथे २५० रुपयांचा कथासंग्रह ४० प्रती गेला होता: २२ विकल्या, १० परत, ८ शिल्लक. बालकवितांचं १२० रुपयांचं पुस्तक ६० प्रती गेलं होतं: ३५ विकल्या, २० परत, म्हणून ५ शिल्लक हव्यात. दुकानात मोजल्या तेव्हा ३ निघाल्या.

त्या दोन प्रती कुठे गेल्या? एखादी नमुना म्हणून कोणाला दिली असेल, एखादी बिल न करता विकली गेली असेल, किंवा चोरीला गेली असेल. कारण काहीही असो, त्या गुपचूप विक्रीत मिसळू नयेत. तूट म्हणून वेगळ्या ओळीत लिहाव्यात आणि दुकानदाराला विचारावं. दुकानात हरवलेल्या प्रतीची भरपाई कोणी करायची हे खरं तर माल ठेवतानाच ठरायला हवं. ते ठरलेलं नसेल तर तो वाद या ईमेलमध्ये मिटणार नाही.

परत आलेल्या प्रती पैशांच्या हिशोबातून वजा करण्याची चूकही सर्रास होते. त्या ३० प्रती कधी विकल्याच गेल्या नव्हत्या. त्यांचा संबंध फक्त मोजणीशी. गिऱ्हाईकाने विकत घेतलेली प्रत दुकानात आणून पैसे परत नेले असतील, तर मात्र विक्री एकने कमी होते. बांधणीत दोष निघाला म्हणून दुकानदाराने तिला दुसरी प्रत दिली असेल, तर विक्री तेवढीच राहते आणि सदोष प्रत ‘परत’ या रकान्यात येते.

हे सगळं धरून नवा ईमेल असा होतो:

‘विषय: जुलै ते ऑक्टोबर हिशोब, आपल्याकडून येणे रु. ६,३०५

सप्रेम नमस्कार. ३१ ऑक्टोबरपर्यंतचा हिशोब असा:
कथासंग्रह: पाठवल्या ४०, विक्री २२, परत १०, शिल्लक ८.
बालकविता: पाठवल्या ६०, विक्री ३५, परत २०, शिल्लक ३, तूट २.
छापील किमतीने विक्री: ५,५०० + ४,२०० = रु. ९,७००.
आपलं कमिशन ३५ टक्के: रु. ३,३९५.
आमचं येणं: रु. ६,३०५.
तुटीच्या २ प्रती वरच्या रकमेत धरलेल्या नाहीत. त्यांचा तपास करून कळवाल का? आपल्या नोंदीत काही फरक असेल तर १० नोव्हेंबरपर्यंत सांगावं. नसेल तर १५ तारखेपर्यंत रक्कम पाठवावी.’

यातले ‘छापील किमतीने’ हे शब्द गाळू नयेत. दुकानदाराने दिवाळीत गिऱ्हाईकांना दहा टक्के सूट दिली असेल, तर ती प्रकाशकाला विचारून दिली नसल्यास त्याने आपल्या कमिशनमधून सोसायची. हे शब्द नसतील तर तो मिळालेल्या पैशांवर हिशोब मांडतो आणि दोघांच्या रकमा जुळत नाहीत.

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, म्हणून हा ईमेल इतका सुटसुटीत राहतो. त्याच दुकानात प्रकाशकाने कापडी पिशव्याही याच बोलीवर ठेवल्या, तर त्यांचा हिशोब वेगळा करावा. करपात्र माल असा पाठवला की विक्री झाल्यावर किंवा माल पाठवल्यापासून सहा महिन्यांनी, यांतलं जे आधी येईल तेव्हा बिल करावं लागतं, मग पिशवी अजून दुकानातच का टांगलेली असेना.

शिल्लक ८ आणि ३ प्रती पुढच्या हिशोबाच्या पहिल्या ओळीत आरंभीची शिल्लक म्हणून येतात. नोव्हेंबरमध्ये नव्या प्रती पाठवताना त्यांचं चलन वेगळं करावं, जुन्या चलनावर आकडा वाढवू नये.